बीप वाजलं म्हणजे बरोबर?

मुलुंडला माझ्या काकांचं किराणा दुकान आहे. बारकोड बिलिंगच्या पहिल्या दिवशी मला "इंजिनिअर" म्हणून बोलावलं होतं. (आमची गाडी अजून सेकंड इयरलाच आहे, पण काकांना कोण सांगणार!) शटर उघडायच्या आधी काकांनी सगळ्यांना काउंटरपाशी बोलावलं.

"हे मशीन किंमत वाचत नाही, नुसता नंबर वाचतं. किंमत आपणच कॉम्प्युटरमध्ये भरलीय. त्यामुळे एमआरपी बदललेला माल आला की आधी मला सांगा. दुसरं, तीन साबण असले तर तिन्ही मशीनखाली धरा, एकच तीनदा नको. तिसरं, फोनवरची ऑर्डर दाराबाहेर पडली की मगच 'निघाली' करा. झालं माझं भाषण."

वीस वर्षं तोंडी हिशोब करणारे मामा हळूच म्हणाले, "शेठ, कोड मळलेला असला तर?"

"खालचे 13 आकडे हाताने टाका."

"आणि एक आकडा चुकला, भलत्याच मालाचं बिल झालं, तर भरपाई माझ्या पगारातून?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर एक नंबर लिहिला: 8901234567890. यातला शेवटचा आकडा पहारेकरी असतो. पहिल्या बारांपैकी 1ला, 3रा, 5वा असे एकाआड एक घेतले तर 8+0+2+4+6+8 = 28. उरलेले 9+1+3+5+7+9 = 34, त्यांची तिप्पट 102. एकूण 130. पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो तेरावा आकडा, इथे 0. आता मामांनी 5 च्या जागी 6 टाकला, तर बेरीज 133 होते आणि तेरावा 7 यायला हवा. तिथे 0 आहे, म्हणून कॉम्प्युटर नंबर घेतच नाही. एक आकडा चुकला तर तो हमखास पकडला जातो. शेजारचे दोन आकडे उलटे पडले तरी बहुतेक वेळा सापडतात. फक्त त्यांच्यात 5 चा फरक असेल, जसं 2 आणि 7, तर निसटतात.

मामा निवांत झाले. पण संध्याकाळी गर्दीत काउंटरवरच्या पोराने नेमकं तेच केलं! दोन चंदन आणि एक लिंबू साबण होते, किंमत सारखी, म्हणून त्याने चंदनच तीनदा मारला. नंबर बरोबर, बिल बरोबर, रात्री गल्लाही जुळला. पहारेकरी गप्प, कारण तो नंबर तपासतो, हातातली वस्तू नाही.

सकाळी दोन्ही साबण दहा-दहा होते. कॉम्प्युटरमध्ये चंदन 7 आणि लिंबू 10 राहिले, फळीवर मात्र 8 आणि 9. उद्या लिंबू संपल्यावरही कॉम्प्युटर "1 शिल्लक" सांगणार, फोनवर ऑर्डर घेतली जाणार, आणि पोरगा रिकाम्या फळीपुढे उभा राहणार.

ही चूक मामांनीच पकडली, बोटांनी मोजून. तेव्हापासून रोज रात्री एक फळी ते मोजतात आणि कॉम्प्युटरशी ताडून बघतात.