सामन्याच्या फराळातले पाणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

उन्हाळ्यात पुसदचा पारा चाळिशीपलीकडे जातो, आणि नेमक्या त्याच दिवसांत आयपीएलचे सामने संध्याकाळी साडेसातला सुरू होऊन रात्री अकराच्या पुढे रेंगाळतात. अशा वेळी घरी जमलेल्या सात-आठ मित्रांपुढे पडद्यावरची नजर न काढता हाताने उचलून खाता येईल असे काही ठेवावयाचे, तर एक-दोन डिप, काही भाजलेले आणि काही ताजे असा त्रिविध बेत उत्तम. मात्र हा बेत फसतो तो मसाल्याच्या उणिवेमुळे क्वचितच. बहुधा पदार्थातील पाण्याचा आणि वेळेचा बंदोबस्त झालेला नसतो, आणि त्यामागे काही रूढ समज असतात.

गैरसमज : डिप म्हणजे बाजारातून आणावयाची बाटली.

वस्तुस्थिती : ज्या वऱ्हाडात तुराट्या-पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून भरीत करण्याची जुनी चाल आहे, तेथे डिपसाठी दुकान गाठण्याचे प्रयोजन नाही. मात्र भाजलेल्या वांग्याचा गर चाळणीवर अर्धा तास निथळू द्यावा, आणि मगच त्यात ठेचा, कांद्याची पात व कच्चे तेल मिसळावे. म्हणजे ते भाकरीच्या कडक तुकड्यावरून ओघळत नाही. दुसरे डिप दह्याचे. एक लिटर दही फडक्यात बांधून तीन-चार तास टांगले, की निम्म्याहून कमी चक्का हाती येतो, आणि आठ जणांस तो पुरतो. उन्हाळ्यात हे गाठोडे फ्रिजमध्येच चाळणीवर ठेवावे, एरवी ते आंबते. त्यात काकडी घालावयाची असल्यास किसून, मीठ लावून, घट्ट पिळून घालावी. न पिळता घातली, तर काही वेळातच वाडग्याच्या कडेला पाणी साचू लागते, आणि चूक कोठे झाली याचा तोच दाखला.

गैरसमज : पनीर जितके जास्त वेळ मुरवावे, तितके ते मऊ आणि चविष्ट होते.

वस्तुस्थिती : मसाला पनीरच्या पृष्ठभागाच्या फारसा आत शिरत नाही, म्हणून अर्ध्या-पाऊण तासाची मुदत पुष्कळ झाली. पनीर चिवट होते ते मुरवणी कमी पडल्याने नव्हे, तर आचेवर फार वेळ राहून त्यातील ओलावा उडून गेल्याने. चारशे ग्रॅम पनीरचे जाड तुकडे कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. तीन-चार चमचे चक्का, दोन चमचे भाजलेले बेसन, आले-लसूण, तिखट, हळद आणि चमचाभर तेल यांचा दाट लेप त्यांना द्यावा, आणि मीठ भाजण्याच्या तोंडावर घालावे. लोखंडी तवा चांगला तापल्यावर एका वेळी थोडेच तुकडे, प्रत्येक बाजूस सुमारे दोन मिनिटे ठेवावे. तवा गच्च भरला, की तुकड्यांभोवती पाणी सुटून बुडबुडे येतात. ते दिसले, की पनीर भाजत नसून उकडत आहे असे निःशंक समजावे.

गैरसमज : काकडी-गाजराच्या फोडी आधीच मीठ-मसाला लावून ठेवल्या, म्हणजे काम आटोपले.

वस्तुस्थिती : मीठ फोडींतील पाणी बाहेर ओढते, आणि तासाभरात कुरकुरीतपणा जाऊन ताटलीत खारट रस तेवढा उरतो. फोडी दुपारी कापण्यास हरकत नाही, परंतु त्या ओलसर फडक्यात गुंडाळून थंड ठेवाव्या आणि मीठ-तिखट शेजारच्या वाटीत वेगळे मांडावे. उन्हाळ्यात काकडी व कैरी, हिवाळ्यात मुळा, पेरू आणि विदर्भाची संत्री, अशी ऋतुमानाप्रमाणे निवड करावी.

गैरसमज : सारे पदार्थ एकदाच मांडून यजमानाने निश्चिंत बसावे.

वस्तुस्थिती : दह्याचे वा शिजवलेले पदार्थ साधारण तापमानात दोन तासांहून अधिक, आणि हवा 32 अंशांपेक्षा उष्ण असल्यास एका तासाहून अधिक, बाहेर ठेवणे सुरक्षित नाही, पुसदच्या उन्हाळ्यात तासाचाच हिशेब धरावा. चव किंवा वास पाहून धोका ओळखता येतोच असे नाही. म्हणून प्रत्येक डिप दोन लहान वाडग्यांत विभागावे. पहिला वाडगा फोडींसह साडेसातला बाहेर यावा व साडेआठला उचलावा. लेप दिलेले पनीर दोन खेपांत भाजावे, एक खेप सामना सुरू होताना आणि दुसरी दोन डावांमधल्या सुमारे 20 मिनिटांच्या विश्रांतीत, व त्याच वेळी डिपचा दुसरा वाडगा फ्रिजमधून काढावा. तोवर उरलेले कच्चे पनीरही फ्रिजमध्येच असावे. आणि तासाभरापेक्षा जास्त वेळ बाहेर राहिलेले डिप, ते कितीही चांगले दिसत असले, तरी उद्याच्या सामन्यासाठी राखून ठेवू नये, टाकून द्यावे.