‘परत’ या एका शब्दाने मशीन दुसऱ्यांदा आलं: रिटर्नचा मेल मराठीतून इंग्रजीत करताना

माझा मामेभाऊ सोनगीरला राहतो. धुळ्याहून शिरपूरकडे जाताना मुंबई-आग्रा हायवेवर लागतं तेच सोनगीर, किल्ल्याचं आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांचं. मामांचं भांड्यांचंच काम आहे. मामेभावाने जूनमध्ये एका ऑनलाइन विक्रेत्याकडून हातात धरायचं पॉलिश मशीन मागवलं, ४,२५० रुपयांचं. मशीन आलं, पण त्याचा वेग कमी करायचं बटण नुसतं फिरायचं, वेग तोच राहायचा. फुल स्पीडला पितळेवर चरे पडतात, म्हणजे हे मशीन त्याच्या काहीच कामाचं नव्हतं.

विक्रेत्याचं सगळं काम इंग्रजी मेलवर चालायचं. त्याने मला पुण्याला फोन केला. मी मीटिंगमध्ये होतो. म्हटलं, “अरे, मराठीत लिही, भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाक आणि पाठवून दे.” माझा हा सल्ला अर्धवट होता. पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे, म्हणून हा लेख.

त्याने काय लिहिलं आणि तिकडे काय पोचलं

त्याचा मराठी मजकूर असा होता:

“सर, परवा मशीन आलं. चालू केलं तर स्पीड कमीच होत नाही. पहिल्यापासून खराब शे. वापरलं नाही. मशीन परत पाठवायचं आहे. परवापर्यंत कळवा.”

तुम्हाला-मला हे वाचून सगळं कळतं. ‘शे’ म्हणजे अहिराणीतलं ‘आहे’, तेही आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. आता अ‍ॅपने दिलेल्या इंग्रजीतली ही दोन वाक्यं बघा:

```
The machine has to be sent again.
Let me know by the day before yesterday.
```

पहिल्या वाक्याचा अर्थ झाला, ‘मशीन पुन्हा एकदा पाठवावं लागेल.’ कोणी पाठवायचं? वाक्यात ते नाही. विक्रेत्याच्या माणसाने सरळ अर्थ घेतला, की गिऱ्हाइकाला दुसरं मशीन हवंय. त्याने रिप्लेसमेंटची नोंद केली, जुनं मशीन उचलून नेलं आणि ११ जूनला त्याच मॉडेलचं दुसरं मशीन सोनगीरला पोचलं. त्याचंही बटण तसंच. भावाला पैसे हवे होते, कारण धुळ्याच्या दुकानात दुसऱ्या कंपनीचं मशीन त्याने बघून ठेवलं होतं. शिवाय परत करायची मुदत होती सात दिवसांची, आणि पहिलं मशीन आलं होतं ३ जूनला. त्याने फोन केला तर उत्तर मिळालं, “रिप्लेसमेंट तुम्हीच मागितली होती, आता रिफंड होणार नाही.”

अ‍ॅप चुकलं का?

खरं सांगायचं तर फारसं नाही. मराठीत ‘परत’चे दोन अर्थ आहेत. ‘पैसे परत दे’ म्हणजे माघारी दे. ‘परत सांग’ म्हणजे पुन्हा सांग. इंग्रजीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, बॅक आणि अगेन. अ‍ॅपला त्यातला एक निवडावाच लागतो. आपण बोलताना संदर्भावरून ओळखतो. अ‍ॅपही आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाजच बांधतं. ते आधी शिकताना बघितलेल्या लाखो वाक्यांत असे शब्द एकत्र आल्यावर बहुतेक वेळा काय अर्थ होता, त्याकडे झुकतं. ‘पाठवायचं आहे’च्या आधी ‘परत’ आलं तर दोन्ही अर्थ बसतात. त्यात वाक्यात ‘मी’ नाही आणि ‘तुम्हाला’ही नाही. म्हणजे अंदाज बांधायला आधारच कमी.

‘परवा’चंही तसंच. मराठीत परवा मागचाही असतो आणि पुढचाही. ‘परवा आलं’मध्ये क्रियापदावरून मागचा हे कळतं. ‘परवापर्यंत कळवा’मध्ये अ‍ॅपने मागचाच पकडून ठेवला. त्यामुळे तिकडच्या माणसाला, होऊन गेलेल्या दिवसापर्यंत उत्तर द्या, असं वाक्य दिसलं. अशा वाक्याकडे कोण गांभीर्याने बघणार?

तिसरी गोष्ट ‘वापरलं नाही’. आधीच्या वाक्यात ‘चालू केलं’ आणि लगेच ‘वापरलं नाही’. आपल्याला कळतं की तपासण्यापुरतं चालू केलं, कामाला लावलं नाही. इंग्रजी वाचणाऱ्याला वाटतं, हा माणूस स्वतःचंच बोलणं खोडतोय.

उलटं भाषांतर करून बघितलं तरी फसलो

तुम्ही म्हणाल, इंग्रजी मजकूर पुन्हा मराठीत करून बघायचा ना! भावाने ते केलं होतं. आणि गंमत इथेच आहे. त्या इंग्रजी वाक्याचं मराठीत आलं, ‘मशीन परत पाठवायचं आहे.’ म्हणजे त्याने लिहिलं होतं तेच! त्याला वाटलं, सगळं बरोबर.

दोन अर्थांच्या शब्दाला उलटं भाषांतर पकडेलच असं नाही. जाताना ‘परत’चं अगेन झालं, येताना अगेनचं पुन्हा ‘परत’ झालं. चूक मधल्या इंग्रजीत होती आणि दोन्ही टोकांना दिसलीच नाही. उलट्या तपासणीत सुटलेला शब्द किंवा चुकलेला आकडा सापडतो, त्यासाठी ती जरूर करा. पण ‘परत’, ‘परवा’ यांसारख्या शब्दांसाठी तिच्यावर भरवसा ठेवू नका. ते शब्द मुळात मराठीतच बदलायला लागतात.

आधी मराठी दुरुस्त करा

१२ जूनच्या रात्री आम्ही फोनवर बसून नवीन मेल लिहिला. इंग्रजीला हातही लावला नाही, आधी मराठी बदललं. प्रत्येक वाक्यात कोण ते लिहिलं, ‘मी’ किंवा ‘तुम्ही’. ‘परवा’च्या जागी तारीख टाकली, आणि तीही महिन्याच्या नावासकट. ०३/०६ असं लिहिलं तर कुणी ते ६ मार्चही वाचू शकतं. ‘शे’ काढून ‘आहे’ केलं, कारण अ‍ॅपला मराठी येतं म्हणून अहिराणीही येईलच असं नाही. आणि ‘परत’ हा शब्दच उडवला. त्याच्या जागी रिटर्न आणि रिफंड हे शब्द मराठी वाक्यातच वापरले.

हे शेवटचं महत्त्वाचं आहे. विक्रेत्याकडे रोज ढीगभर मेल येतात. वाचणारा माणूस आधी एवढंच बघतो की हा मेल कुठल्या खान्यात टाकायचा. रिटर्न म्हणजे वस्तू त्यांच्याकडे जाणार. रिफंड म्हणजे पैसे तुमच्याकडे येणार. रिप्लेसमेंट म्हणजे तुम्हाला तीच वस्तू नवीन मिळणार. तुम्हाला यातलं काय हवंय ते विषयाच्या ओळीतच लिहा, आणि काय नकोय तेही मजकुरात लिहा.

नवीन मराठी असं झालं: “मला दुसरं मशीन ११ जूनला मिळालं. त्याच्यातही तोच दोष आहे. वेग कमी करायचं बटण काम करत नाही. मी मशीन तपासण्यासाठी फक्त दोन मिनिटं चालू केलं. मला हे मशीन रिटर्न करून रिफंड हवा आहे. मला रिप्लेसमेंट नको. कृपया १६ जूनपर्यंत उत्तर द्या.”

याचं इंग्रजी जवळपास न अडखळता आलं:

```
Subject: Refund request - defective item

I received the second machine on 11 June.
It has the same defect. The speed knob does not work.
I ran the machine for only two minutes to test it.
I want to return it and get a refund.
I do not want a replacement.
Please reply by 16 June.
```

विषयाच्या ओळीत शेवटी ऑर्डर नंबर जोडला. तो हाताने टाइप करू नका, ऑर्डरच्या पानावरून कॉपी करा. मराठी कीबोर्डवर आकडे देवनागरीत उमटू शकतात आणि त्यांच्या सिस्टिममध्ये त्या आकड्यांनी शोधलं तर ऑर्डर सापडेलच असं नाही. भाषांतर करतानाही नंबर आणि नावं बाजूला ठेवा, नंतर चिकटवा.

इंग्रजीच्या खाली मूळ मराठी मजकूरही तसाच ठेवला. उद्या अर्थावरून वाद झाला तर तुम्ही मुळात काय म्हणाला होता ते त्याच मेलमध्ये लिहिलेलं असतं. सोबत बटण फिरवतानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ जोडला. व्हिडिओचं भाषांतर लागत नाही.

मेल कुणाला पाठवायचा

या वेळी मेल नेहमीच्या सपोर्टबरोबर `Grievance Officer` म्हणजे तक्रार अधिकाऱ्यालाही पाठवला. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार ऑनलाइन विक्रीच्या साइटला असा अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात ती सोडवायची असते. त्याच नियमांत असंही आहे की वस्तू सदोष असेल, किंवा जाहिरातीत सांगितली तशी नसेल, तर विक्रेता ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देऊ शकत नाही. म्हणजे ‘आवडलं नाही’ आणि ‘खराब निघालं’ यात फरक आहे. मेलमध्ये दोष नेमका लिहायचा तो यासाठीच.

भावाला शंका होती, “भाऊ, मशीन धंद्यासाठी घेतलं, मग आपण ग्राहक कसे?” ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे हे खरं. पण स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू त्यात मोडत नाही. स्वतः भांडी घासून चकाकवणारा माणूस ग्राहकच आहे.

पोच दुसऱ्या दिवशी आली. १६ तारखेला मेल आला की मशीन उचलायला माणूस येईल. २४ जूनला पैसे खात्यात जमा झाले. उत्तर आलं नसतं तर पुढची पायरी होती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. तिथे मराठीत बोलता येतं, भाषांतराची गरजच पडत नाही.

त्या पैशांत भावाने धुळ्याहून मशीन आणलं. दुकानात बटण फिरवून बघितलं, मगच पैसे दिले. मला फोन करून म्हणाला, “भाऊ, हे काही परत पाठवायचं नाही.” मी विचारलं, कुठल्या अर्थाने?