फवारणी करूनही माश्या का जात नाहीत? कारण सापडतं उकिरड्यावर

पावसाळा सुरू झाला की घराघरांत माश्या घोंगावायला लागतात. आपण स्प्रे आणतो, फिनाइलने फरशी पुसतो, चिकट कागद टांगतो. दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. याच दिवसांत लहान मुलांना जुलाब आणि आव होण्याचं प्रमाणही वाढलेलं असतं.

या दोन गोष्टींचा संबंध काय? आणि माश्या खरंच कमी करायच्या असतील तर नेमकं कुठे आणि कधी हात घालायचा?

माशी अन्नावर बसते तेव्हा काय होतं?

घरमाशीला दात नसतात. तिला चावता येत नाही, फक्त शोषता येतं. तिच्या सोंडेच्या टोकाला स्पंजसारखा भाग असतो. त्यामुळे साखरेचा दाणा किंवा पोळीचा तुकडा खायचा असेल तर आधी ती त्यावर लाळ सोडते आणि पोटातलं थोडं पातळ अन्न ओकते. तुकडा विरघळला की तो शोषून घेते. बसल्या जागी विष्ठाही टाकते. भिंतीवर, दिव्याच्या वायरवर जे बारीक ठिपके दिसतात ते हेच. फिकट ठिपके बहुधा ओकारीचे असतात, गडद काळपट ठिपके विष्ठेचे.

आता ही माशी थोड्या वेळापूर्वी उघड्यावरच्या मैल्यावर किंवा बाळाच्या शी झालेल्या दुपट्यावर बसून आली असेल, तर तिथले जंतू तीन मार्गांनी तुमच्या ताटात येतात. काही तिच्या केसाळ, चिकट पायांवरून येतात, काही ओकारीतून आणि काही विष्ठेतून. पायावरचे जंतू लवकर वाळून मरू शकतात. तिच्या पोटातले मात्र जास्त काळ जगतात, म्हणून ओकारी आणि विष्ठा जास्त धोक्याची.

एवढ्याशा जंतूंनी माणूस आजारी पडतो?

ते जंतू कोणता आहे यावर ठरतं. रक्ताची आव घडवणारा शिगेला हा जंतू फार थोड्या संख्येने आजार करतो. दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी पुरतात, आणि एवढे एक माशी सहज वाहून आणते. साल्मोनेलासारख्या जंतूंना साधारणपणे जास्त संख्या लागते. पण माशीने ते आणून सोडलेलं अन्न ओलसर असेल आणि काही तास तसंच उबेत पडून राहिलं, तर उरलेलं काम जंतू स्वतः वाढून करतात. सकाळी शिजवून उघडा ठेवलेला भात, चिरलेली फळं, दूध, चटणी यांना म्हणूनच जास्त जपावं लागतं. कोरड्या खाकऱ्यावर क्षणभर माशी बसली तर त्यात जंतू वाढण्याचा धोका त्या मानाने खूप कमी.

माश्या कमी केल्याने आजार कमी होतो का, हे प्रत्यक्ष तपासलं गेलं आहे. इस्राएलच्या लष्करी छावण्यांमध्ये माश्यांवर कडक नियंत्रण ठेवल्यावर शिगेलाच्या आजारासाठी दवाखान्यात येणाऱ्या सैनिकांचं प्रमाण 85 टक्क्यांनी घटलं. हा अभ्यास 1991 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला. पाकिस्तानातल्या खेड्यांमध्ये फवारणी करून माश्या जवळपास संपवल्या, तेव्हा लहान मुलांमधले जुलाब 23 टक्क्यांनी कमी झाले. तो अभ्यास 1999 चा. या दुसऱ्या आकड्यातून एक मर्यादाही कळते. बरेचसे जुलाब पाणी आणि हातांमधूनही येतात, त्यामुळे माश्या गेल्या म्हणून साबण आणि शुद्ध पाण्याची गरज संपत नाही.

मग फवारणीच का करत राहू नये?

कारण फवारा लागतो तो उडणाऱ्या माशीला. तिची पुढची पिढी कचऱ्यात आणि शेणात खोलवर सुरक्षित असते. शिवाय तेच औषध वारंवार मारलं की माश्या त्याला दाद देईनाशा होतात. थोडक्यात, रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

माशीची पुढची पिढी कशी वाढते ते एका उदाहरणाने पाहू. समजा, जुलै महिना आहे, दारात दोन म्हशी आहेत आणि गोठ्यामागे उकिरडा आहे. शेण, मूत्र, वैरणीचा चोथा आणि खरकटं सगळं तिथेच पडतं. रविवारी सकाळी एक माशी तिथल्या ओल्या भेगेत शंभर-सव्वाशे अंडी घालते.

सोमवारपर्यंत अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात. पांढऱ्या, एका टोकाला निमुळत्या. पुढचे चार-पाच दिवस त्या ओल्या घाणीत खात राहतात. शुक्रवार-शनिवारच्या सुमारास पूर्ण वाढलेल्या अळ्या ओल सोडून कोरडी जागा शोधतात. ढिगाच्या कडेला, आजूबाजूच्या मातीत शिरतात आणि तिथे त्यांचे तांबूस तपकिरी कोष होतात. गव्हाच्या छोट्या दाण्यासारखे दिसणारे. त्यानंतरच्या बुधवारच्या आसपास त्यातून नव्या माश्या उडतात. एक मादी आयुष्यात अशी पाच-सहा वेळा अंडी घालू शकते.

आता बघा, हा उकिरडा तुम्ही दर रविवारी अगदी नेमाने उचलता. तरीही माश्या कमी होत नाहीत, कारण मागच्या रविवारी घातलेल्या अंड्यांच्या अळ्या शनिवारीच ढीग सोडून मातीत गेलेल्या असतात. तुम्ही ढीग उचलता, माश्या मागे राहतात. हाच ढीग रविवारी आणि बुधवारी असा आठवड्यातून दोनदा उचलला, तर अळ्या बाहेर पडण्याआधीच त्याच्यासोबत जातात.

नेमकं काय करायचं?

अळीला ओल लागते, म्हणून तिला ओल मिळू द्यायची नाही. उन्हाळ्यात शेण पातळ पसरून वाळवलं किंवा गोवऱ्या थापल्या की अंडी-अळ्या सुकून मरतात. पावसात हे जमत नाही. तेव्हा शेण थेट गोबरगॅसमध्ये टाकणं उत्तम. ते नसेल तर खताचा ढीग घट्ट रचा. कुजताना त्याच्या आत इतकी उष्णता तयार होते की अळ्या तगत नाहीत. त्या जगतात थंड कडांना, म्हणून कडेचं शेण उलटून आत घाला. वरून प्लास्टिकचा कागद टाकून त्याच्या कडा मातीने दाबा.

शहरातल्या घरात उकिरड्याची जागा ओल्या कचऱ्याची बादली घेते. ती झाकणाची हवी आणि रोज रिकामी व्हायला हवी. बरेचदा पिशवी जाते, पण बादलीच्या तळाशी साचलेलं पाणी आणि चिकटलेलं खरकटं तसंच राहतं. अळ्यांना तेवढंही पुरतं. बादली धुऊन पालथी घालून वाळवा. सोसायटीच्या कचरापेटीखालची ओली मातीही बघा.

बाळाची शी ताबडतोब संडासात टाका. शिगेलाचा खरा साठा माणसाच्याच विष्ठेत असतो, त्यामुळे माशीला तिथे बसूच दिलं नाही तर तिच्याकडे नेण्यासारखं फारसं उरत नाही.

उपाय लागू पडतोय की नाही हे कळायला काडी पुरते. ढिगाची कड आणि शेजारची माती दोन-तीन बोटं खोल उकरून पाहा. पांढऱ्या अळ्या ढिगात दिसल्या तर अजून वेळ आहे, ढीग आजच हलवा. मातीत कोष दिसले तर ढीग उशिरा उचलला जातोय. वरची माती खरवडून खताच्या तापलेल्या ढिगात खोल पुरा आणि उचलण्याचा वार अलीकडे घ्या. आधीच उडालेल्या माश्या आणखी दोन-तीन आठवडे दिसत राहतील, कारण त्यांचं आयुष्य साधारण तेवढं असतं. तोवर अन्नावर जाळी ठेवा आणि उचलण्याचा वार चुकवू नका.