आपला फोटो दुसऱ्याने निवडावा

लिंक्डइनवर लावायला सात-आठ सेल्फींतून एक निवडायची असली, की बहुतेकजण ती स्वतःच निवडतात आणि तिथेच चुकतात. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येकाला स्वतःच्या 12 फोटोंतून नोकरीच्या कामासाठी कोणता फोटो लावाल, असं विचारलं. मग तेच काम एका अनोळखी माणसाच्या फोटोंबाबत करायला सांगितलं. हे निवडलेले फोटो तिसऱ्याच लोकांना दाखवल्यावर दिसलं, की परक्याने निवडलेल्या फोटोतला माणूस बघणाऱ्यांना जास्त भरवशाचा आणि कर्तबगार वाटतो.

याचं एक कारण आरशात आहे. आपण स्वतःला जन्मभर आरशात, म्हणजे उलटं पाहत आलेलो असतो. भांग डावीकडे असेल तर जगाला तो आपल्याला दिसतो त्याच्या विरुद्ध बाजूला दिसतो. सेल्फी काढताना फोनही आरशासारखीच प्रतिमा दाखवतो, पण जतन करताना बरेच फोन ती सुलटी करतात. मग आपल्याला चेहरा किंचित वाकडा वाटतो आणि चांगला फोटो आपण पुसून टाकतो. बघणाऱ्याला त्यात काहीच वावगं दिसत नाही, कारण तो आपल्याला तसंच ओळखतो.

माझ्या भाचीचंच घ्या. बी.कॉम. झाली, हिशेबाच्या नोकरीसाठी अर्ज करत होती, आणि सात सेल्फी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, ‘मामा, ही तिसरी लावते.’ तिसरीत ती छान दिसत होती, पण नाक जरा फुगलेलं आणि कान मागे दडलेले. याला कॅमेरा दोषी नाही, अंतर दोषी आहे. फोन नाकापासून 30 सेंटिमीटरवर धरला, तर कान 40 ते 42 सेंटिमीटरवर असतात. म्हणजे नाकाच्या मानाने कान जवळजवळ दीडपट लांब. फोन दीड मीटरवर ठेवला, तर तोच फरक आठ टक्क्यांच्या आसपास येतो आणि चेहरा समोरासमोर बसल्यावर दिसतो तसा दिसतो. त्यामुळे हात दुमडून अगदी जवळून घेतलेल्या दोन सेल्फी आधी बाद झाल्या. तिची लाडकी तिसरीही त्यातच गेली. ती थोडी रुसली.

नंतर उजेड पाहिला. ट्यूबलाइटच्या बरोबर खाली काढलेल्या फोटोत डोळ्यांच्या खोबणीत सावली पडली होती, माणूस दमलेला वाटत होता. खिडकीकडे पाठ करून काढलेल्यात चेहराच काळवंडला होता. एका फोटोला ब्यूटी फिल्टर होता. तोही काढला, कारण मुलाखतीला येणारी मुलगी आणि फोटोतली मुलगी एकच आहे हे पाहताक्षणी पटायला हवं.

राहिल्या दोन. आता त्या बारीक करून पाहायच्या. लिंक्डइनवर फोटो गोल कापला जातो आणि निरोपांच्या यादीत तर नखाएवढाच उरतो. एका फोटोत मावशीच्या लग्नातली पैठणी, मागे मांडव, माणसं; लहान केल्यावर चेहरा शोधावा लागत होता. दुसऱ्यात साधा निळा कुर्ता, मागे भिंत, खिडकीचा उजेड समोरून, आणि हसताना पुढचे दात दिसत होते. त्या दातांवरूनच भाचीला तो नको होता.

इथे घरच्यांना विचारून उपयोग नव्हता. ताईने लगेच पैठणी निवडली. म्हणून दोन्ही फोटो तिला जेमतेम ओळखणाऱ्या तिघांना पाठवायला सांगितले. तिघांना वेगवेगळं विचारायचं, एकत्र ग्रुपवर नाही; तिथे पहिल्याचं मत बाकीचे गिरवतात. आणि ‘कोणता छान?’ असंही नाही. ‘यातल्या कोणाकडे तुम्ही दुकानाचे हिशेब सोपवाल?’ असं विचारायचं. तिघांनीही दातवाला फोटो निवडला.

चेहऱ्यावरून असं मत बनवणं न्यायाचं आहे का? मुळीच नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या 2006 च्या एका प्रयोगात चेहरा सेकंदाचा दहावा भाग दाखवला, तरी लोक तो विश्वासू आहे की नाही हे ठरवत होते. अशा अंदाजावर भरवसा ठेवू नये, पण समोरचा तो बांधतोच.

सातही सेल्फी चाळून एकही टिकली नाही, तर फोन खिडकीलगत डोळ्यांच्या उंचीवर पुस्तकांना टेकवून ठेवावा, मागचा कॅमेरा आणि टायमर लावावा आणि दीड मीटर मागे सरून उजेडाकडे तोंड करून उभं राहावं. चेहरा लहान येईल, त्याची काळजी नको. लिंक्डइनला 400 बाय 400 पिक्सेलचा चौकोन पुरतो, आणि साध्या फोनच्या फोटोतून कापून घेतला तरी तेवढा सहज निघतो.