पहिला हप्ता ठरण्याआधी

शैक्षणिक कर्जाच्या हप्त्याचा विचार बहुतेक घरांत मुलाला किंवा मुलीला नोकरी लागल्यावर सुरू होतो. तोवर हप्ता किती बसणार हे जवळजवळ ठरून गेलेलं असतं. शिक्षण चालू असताना बँक हप्ता मागत नाही, पण व्याज मोजतच असते.

एक उदाहरण घेऊ. एका मुलीने अभियांत्रिकीच्या चार वर्षांसाठी ८ लाखांचं कर्ज घेतलं. दर वर्षाच्या सुरुवातीला २ लाख, व्याजदर १० टक्के. सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत अभ्यासक्रम आणि त्यापुढचं एक वर्ष हप्ता नसतो. या पाच वर्षांत सरळव्याज लागतं. पहिल्या दोन लाखांवर १ लाख, दुसऱ्या उचलीवर ८० हजार, मग ६० आणि ४० हजार, असे मिळून २ लाख ८० हजार होतात. परतफेड सुरू होताना हे व्याज मुद्दलात मिसळतं. म्हणजे हप्ता काढला जातो तो १० लाख ८० हजारांवर.

दहा वर्षांची मुदत घेतली तर हा हप्ता सुमारे १४,२७० रुपये येतो. व्याज वेळच्या वेळी भरलं असतं तर तो १०,५७० आला असता. पहिल्या वर्षी ते व्याज महिन्याला साधारण १,६७० रुपयेच असतं, चौथ्या वर्षी मात्र ६,६७० पर्यंत जातं. सगळं जमलं नाही तरी घरच्यांनी जमेल तेवढं भरावं, असं मला मनापासून वाटतं. असं व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात सूटही देतात.

ज्यांना तेही शक्य नाही त्यांच्यासाठी केंद्राचं व्याज अनुदान आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेत तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रम असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावरचं या काळातलं व्याज सरकार भरतं. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतल्या विद्यार्थ्यांना आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला ३ टक्क्यांची सवलत मिळते. दोन्ही अनुदानं परतफेड सुरू होताच थांबतात. पुढचं व्याज कर्जदाराचंच. शिक्षण मध्येच सोडलं तर साधारणपणे हक्क जातो. म्हणून पहिल्या हप्त्याआधी कर्जखात्याचा उतारा मागवा आणि अनुदान जमा झालंय का ते बघा. नसेल तर फुगलेल्या रकमेवरच हप्ता बसेल.

आता मुदत. पंधरा वर्षं घेतली तर आपल्या उदाहरणातला हप्ता ११,६०० वर येतो, पण एकूण व्याज ६ लाख ३३ हजारांवरून १० लाखांच्या पुढे जातं. काही बँका सुरुवातीला लहान आणि पुढे वाढत जाणारा हप्ता देतात. नव्या नोकरीत त्याचा आधार वाटतो, पण एक हिशेब करून बघावा. १० लाख ८० हजारांवर महिन्याचं व्याजच ९,००० होतं. हप्ता त्याहून कमी असेल तर कर्ज फिटत नाही, वाढतं.

प्राप्तिकरात ८०ई या कलमाने ओळखली जाणारी वजावट फक्त व्याजावर मिळते, मुद्दलावर नाही. तिला रकमेची मर्यादा नाही, काळाची आहे. ज्या वर्षी व्याज भरायला सुरुवात होते ते वर्ष धरून आठ वर्षं. त्यामुळे शिकतानाच व्याज भरायला घेतलं की ही वर्षंही तेव्हापासूनच सरू लागतात. तरी त्यासाठी व्याज साचू देणं मला पटत नाही, कारण ही वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही. पहिल्या नोकरीतल्या बहुतेकांना त्यामुळे ८०ईची गरज पडणार नाही. पगार त्याहून बराच मोठा असेल तर दोन्ही पद्धतींनी कर काढून बघावा.

हाती बोनस आला की मुदतीआधी थोडी रक्कम भरता येते. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जावर त्यासाठी दंड घेता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आपल्या मुलीने दहा वर्षांच्या मुदतीत दोन वर्षांनंतर एक लाख भरले असं समजू. तेव्हा बाकी सुमारे ९ लाख ४० हजार असेल. हप्ता तोच ठेवून मुदत घटवली तर कर्ज साधारण पंधरा महिने आधी संपतं आणि १ लाख ९ हजारांचं व्याज वाचतं. मुदत तीच ठेवून हप्ता घटवला तर तो १,५०० रुपयांनी उतरतो, पण वाचतात फक्त ४६ हजार. यातलं काय हवं ते पैसे भरतानाच अर्जात लिहून द्यावं आणि पुढच्या महिन्याच्या उताऱ्यावर तसंच झालंय ना, हे तपासावं.