तक्रार नोंदवून झाली, पैसे कधी?

समजा, एका ग्राहकाने 12 तारखेला आपल्या बँकेला ईमेल केली. 3 तारखेला दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून 5000 रुपये काढायला गेले, नोटा आल्याच नाहीत, खात्यातून मात्र रक्कम वजा झाली. 4 तारखेला फोनवरून तक्रार दिली, तिचा क्रमांक सोबत जोडला आहे. शेवटी एकच ओळ: "15 तारखेला घराचा हप्ता जायचा आहे. तोवर पैसे येतील का?"

उत्तराचा कच्चा मसुदा असा: "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. अशा वेळी ग्राहकाने व्यवहाराची तारीख व एटीएमचा तपशील देऊन टोल फ्री क्रमांकावर किंवा शाखेत तक्रार नोंदवावी."

भाषा नम्र, माहितीही खरी. पण हे उत्तर "तक्रार कुठे करू?" या प्रश्नाचं आहे, आणि तो कुणी विचारलेलाच नव्हता. लिहिणाऱ्याने "एटीएम", "पैसे वजा" एवढं वाचलं आणि तयार मजकूर उचलून चिकटवला. ईमेलची शेवटची ओळ तशीच राहिली. असल्या पत्रांत माणूस आधी हकीकत सांगतो आणि प्रश्न शेवटी विचारतो, म्हणून तोच नजरेतून निसटतो. मसुदा लिहिण्याआधी प्रश्नचिन्ह असलेलं वाक्य वेगळं काढलं, तर निम्मं काम होतं.

मुद्द्याचं उत्तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात आहे. नोटा न येता खात्यातून पैसे गेले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत ते परत जमा व्हायला हवेत. हे दिवस कॅलेंडरचे धरायचे, रविवार वगळायचा नाही. त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. म्हणजे इथे मुदत 8 तारखेला संपली, आणि आज पैसे जमा झाले तर सोबत 400 रुपयेही यायला हवेत. मसुद्यात याचा उल्लेखसुद्धा नाही, आणि खरं सांगायचं तर दिलगिरीपेक्षा हीच चूक मोठी.

सुधारलेलं पत्र तारखेपासून सुरू व्हावं: "आपले 5000 रुपये 8 तारखेपर्यंत जमा व्हायला हवे होते, ते झाले नाहीत. उशिराच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये त्यासोबत मिळतील." दिलगिरी त्यानंतर एका वाक्यात. 15 तारखेचं आश्वासन मात्र एटीएमवाल्या बँकेकडून नोंद तपासून झाल्याशिवाय देऊ नये. ती आली नसेल तर तसं सांगावं आणि पुन्हा कधी कळवणार ते लिहावं, म्हणजे हप्त्याची दुसरी सोय करायची की नाही, हे ग्राहकाला ठरवता येईल. मशीनच्या नोंदीत नोटा बाहेर गेल्याचं दिसलं, तर उत्तर वेगळं होईल. मग ती नोंद नेमकी काय सांगते आणि ग्राहकाला ते पटलं नाही तर पुढे कुठे जायचं, हे पहिल्या परिच्छेदात यायला हवं.