शनिवारचं रेकॉर्डिंग : पालकांसाठी सूचना

जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. दिवाळी झाली की वर्ग विरळ होतात. काही घरं ऊसतोडीला निघतात, काही वीटभट्टीवर. जी गावातच राहतात त्यांचीही पोरं कपाशीच्या वेचणीला आईमागे वावरात जातात. बाहेरगावी जाणाऱ्या मुलाला आम्ही शिक्षण हमी पत्रक देतो, त्यावर तिथल्या शाळेत त्याला बसता येतं. पण भट्टीपासून शाळा लांब असली, की ते पत्रक पिशवीतच राहतं. अशा मुलांसाठी दर शनिवारी दुपारी, सकाळची शाळा सुटल्यावर, आम्ही एक पाठ आवाजात रेकॉर्ड करून पालकांच्या फोनवर पाठवतो. त्याची सूचना मुख्याध्यापक म्हणून मी शाळेच्या दारावर लावली आहे. ती नुसती वाचून कळत नाही, हे पहिल्याच आठवड्यात दिसलं. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

व्हिडिओ का नाही, हे आधी सांगतो. पाच मिनिटांचा व्हॉट्सअ‍ॅप व्हॉइस मेसेज साधारण एक एमबीच्या आसपास बसतो. तेवढ्याच वेळाचा व्हिडिओ त्याच्या कितीतरी पट जड होतो. डोंगराकडच्या वस्तीत नेटवर्क एखाद्या काडीवर असतं, तिथे व्हिडिओ गोल फिरत राहतो आणि आवाज मात्र उतरतो. दुसरं असं, की घरात फोन एकच आणि तो दिवसभर बापाच्या खिशात. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा आकाशवाणी नागपूरवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ लागायची, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ होती. दोन्ही चांगले कार्यक्रम, पण वेळ चुकली की पाठ चुकला. रेकॉर्डिंग रात्री आठला ऐका नाही तर रविवारी सकाळी, ते तसंच राहतं.

आवाजातून शिकवण्याची एक जुनी रीत आहे. १९७०च्या दशकात निकाराग्वा देशात रेडिओवरून गणित शिकवलं गेलं. त्यात शिक्षक प्रश्न विचारून थांबायचा, मुलं मोठ्याने उत्तर द्यायची आणि मग रेडिओ बरोबर उत्तर सांगायचा. आम्ही तेच करतो. तिसरीच्या वजाबाकीचा एक पाठ घ्या. सुरुवातीला सांगतो : ‘आईकडून मूठभर हरभरे घे. पाच ढीग कर, प्रत्येकात दहा. बाजूला दोन सुटे ठेव. किती झाले?’ इथे आठ सेकंद काही बोलत नाही. मग : ‘बावन्न. आता यातले सत्तावीस द्यायचे आहेत. आधी दोन ढीग दे. राहिले बत्तीस. अजून सात द्यायचे, सुटे तर दोनच आहेत. मग काय करशील?’ पुन्हा शांतता, या वेळी लांब. पोरगं एक ढीग मोडतं, सात काढून देतं, उरलेले मोजतं. पंचवीस. हातचा घेणं म्हणजे काय, ते त्याच्या बोटांना कळलेलं असतं. कागदावरची उभी मांडणी आम्ही रेकॉर्डिंगमध्ये घेत नाही, कारण वरचा अंक, खालचा अंक असं कानावर सांगत बसलं की पोरगं गोंधळतं.

म्हणून पालकांना पहिली विनंती : मधे आवाज थांबला की रेकॉर्डिंग बिघडलं असं समजून बंद करू नका, पुढेही सरकवू नका. ती जागा तुमच्या लेकराच्या उत्तराची आहे. आणि उत्तर तुम्ही सांगू नका.

आता पायऱ्या. शनिवारी आधी एक लिहिलेला मेसेज येईल : ‘इयत्ता ३ री, गणित, पाठ ७’. त्याच्या खाली व्हॉइस मेसेज असेल. तो बहुधा आपोआप उतरतो. उतरला नसेल तर बाणाच्या खुणेवर एकदा बोट ठेवा. मग त्या मेसेजवर बोट दाबून धरा आणि वर जी ताऱ्याची खूण दिसते ती दाबा, म्हणजे पुढच्या आठवड्यात पाठ शोधावा लागणार नाही. फोन जमिनीवर किंवा पाटावर ठेवा, आवाज पूर्ण वाढवा, पंखा बंद करा आणि त्रिकोणाची खूण दाबा. एकदा सलग ऐकू द्या, दुसऱ्यांदा वस्तू हाताशी घेऊन. शेवटी मी एक प्रश्न विचारतो. त्याचं उत्तर लेकराच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि वर्गशिक्षकांच्या नंबरवर पाठवा, गटावर टाकू नका. चुकलेलं उत्तर सगळ्या गावाने ऐकलं, तर ते पोरगं पुन्हा तोंड उघडत नाही.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती अशी : ‘सर, आवाजच येऊन नाही राह्यला.’ बहुतेक वेळा फोन हातात धरलेला असतो आणि बोट किंवा कव्हर वरच्या कडेजवळ आलेलं असतं. तिथे एक बारीक सेन्सर असतो. त्याच्यासमोर काही आलं, की तुम्ही फोन कानाला लावला असं फोनला वाटतं. स्क्रीन काळी होते आणि आवाज स्पीकरऐवजी कानाच्या बारीक भोकातून येतो. फोन खाली ठेवला आणि वरची कड पुसली, की आवाज परत येतो. दुसरी तक्रार, ‘सर लई भरभर बोलून राह्यले’. पाठ सुरू असताना मेसेजच्या कडेला 1× असं दिसतं. त्यावर चुकून बोट लागलं, की 1.5× किंवा 2× होतं. पुन्हा 1× येईपर्यंत तिथेच दाबायचं.

साध्या बटणांच्या फोनवाल्यांनी मेमरी कार्ड शाळेत आणून द्यावं. आमच्या फोनमधलं रेकॉर्डिंग बहुधा m4a प्रकारचं असतं आणि ते या फोनवर अनेकदा वाजत नाही, म्हणून त्याची mp3 करून आम्ही कार्डावर टाकतो. फाइलचं नाव मराठीत दिलं तर काही फोनवर नुसते चौकोन दिसतात. त्यामुळे नाव 3-07.mp3 असं असेल, म्हणजे तिसरी, सातवा पाठ. भट्टीवर जाणाऱ्यांनी निघायच्या आधी कार्ड आणलं, तर झालेले सगळे पाठ एकदमच भरून देतो.

शिक्षक मित्रांसाठीही थोडं. पत्र्याच्या वर्गात पाऊस असताना रेकॉर्ड करू नका, आवाज घुमतो. गोधड्या-कपडे असलेली घरातली खोली बरी. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला धरा. थेट समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना वाऱ्याचा फटका माइकवर बसतो. पाच मिनिटांच्या पुढे जाऊ नका. आमच्याकडच्या काही मुलांच्या घरी कोरकू किंवा निहाली बोलतात, त्यांना भरभर बोललेली पुस्तकी मराठी कानावरून जाते. त्यांच्यासाठी छोटी वाक्यं, आणि वस्तूचं नाव दोनदा.

कसं चाललं आहे, ते परत आलेल्या आवाजावरून कळतं. पोरगं आधी गप्प बसतं, हरभरे सरकवल्याचा आवाज येतो आणि मग उत्तर येतं, तेव्हा ते उत्तर त्याचं स्वतःचं असतं. प्रश्न संपताच धडाधड उत्तर आलं आणि मागून मोठ्या माणसाची कुजबुज ऐकू आली, तर सोमवारी त्या मुलाला आम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारतो. ते बाहेरगावी असेल तर फोन करतो.

पहिलीच्या मुलांना अक्षरओळखीचं रेकॉर्डिंग येणार नाही. ‘घ’ आणि ‘ध’ यांचा फरक कानाला कळला, तरी तो डोळ्याला आणि हातालाही कळावा लागतो. त्यांच्यासाठी अक्षरांचे कागद शाळेत ठेवले आहेत. ते शनिवारी बारापर्यंत घेऊन जावेत. आई-वडील वावरात असतील तर आजी किंवा मोठं भावंड आलं तरी चालेल.